एकाच सेलमधले स्वल्पविराम मोजून निवडी मोजल्या, पण बेरीज जुळत नाही

गोषवारा

एका सर्वेक्षणाची उत्तरे एक्सेलमध्ये घेतली आहेत. एकूण 212 ओळी आहेत आणि A रकान्यात ‘माहिती कोठून मिळते?’ या प्रश्नाची उत्तरे आहेत. एका व्यक्तीला एकाहून अधिक पर्याय निवडता येत होते, आणि ऑनलाइन फॉर्मने त्या सगळ्या निवडी एकाच सेलमध्ये, मधे स्वल्पविराम आणि एक जागा सोडून, ओळीने लिहिल्या आहेत. पर्याय सहा होते: वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी, मित्र, नातेवाईक, ग्रंथालय, इंटरनेट. त्याखाली ‘इतर’ म्हणून एक मोकळी जागा होती, जिथे मनाने काहीही लिहिता येत होते.

प्रत्येकाने किती पर्याय निवडले ते मला हवे होते. स्वल्पविरामांच्या संख्येत एक मिळवला की निवडींची संख्या मिळेल, असा विचार करून मी B2 मध्ये हे सूत्र लिहिले आणि शेवटच्या ओळीपर्यंत ओढले:

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,",",""))+1
```

या रकान्याची बेरीज 644 आली. खात्रीसाठी मी दुसऱ्या बाजूनेही मोजले. एकेका पर्यायावर फिल्टर लावून किती ओळी दिसतात ते टिपले, ‘इतर’खालची उत्तरे डोळ्यांनी पाहून प्रत्येकी एक धरली, आणि सगळे मिळून 548 भरले. फरक 96 चा आहे. शिवाय ‘इतर’ धरून सातच निवडी शक्य असताना दोन ओळींत 8 हा आकडा दिसतो. सूत्र चुकले आहे का, आणि चुकले असेल तर नेमके कोठे?

काठावरचा

इतके लांब सूत्र कशाला हवे? स्वल्पविराम मोजायला COUNTIF पुरेसे आहे. मी नेहमी हेच वापरतो:

```
=COUNTIF(A2:A213,"*,*")
```

गोषवारा

करून पाहिले. उत्तर 171 आले. स्वल्पविराम इतके कमी नाहीत हे नुसते पाहूनही कळते, कारण बऱ्याच ओळींत तीन-तीन, चार-चार आहेत.

आकडेमोड

171 हे उत्तर बरोबर आहे, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचे आहे. ज्यांत निदान एक स्वल्पविराम आहे असे सेल किती, हे COUNTIF सांगते. एका सेलमध्ये पाच असले तरी तो सेल एकदाच धरला जातो. शोधा-खिडकीत ‘सगळे शोधा’ म्हटल्यावर खाली जो आकडा येतो, तोही सापडलेल्या सेलांचाच असतो, त्यामुळे तिथेही पुष्कळांची हीच गफलत होते. काठावरचा यांचे सूत्र मात्र टाकून देऊ नका. त्याचा उपयोग पुढे आहे.

गोषवारा, तुमच्या सूत्रातला स्वल्पविराम मोजण्याचा भाग निर्दोष आहे. सेलची एकूण लांबी घ्यायची, सगळे स्वल्पविराम काढून टाकल्यावरची लांबी घ्यायची, आणि दोन्हींतला फरक म्हणजे काढून टाकलेल्या चिन्हांची संख्या. यात चुकायला जागाच नाही. शंका आहे ती शेवटच्या ‘+1’वर, आणि प्रत्येक स्वल्पविराम दोन निवडींच्या मधलाच असतो या गृहीतावर. तुम्ही दिलेल्या यादीतला चौथा पर्याय पुन्हा एकदा वाचा.

गोषवारा

‘मित्र, नातेवाईक’. या पर्यायाच्या पोटातच स्वल्पविराम आहे! फॉर्म मीच तयार केला होता, तरी हे लक्षात आले नाही.

आकडेमोड

एक सेल घेऊन पाहू, म्हणजे नेमके काय होते ते दिसेल. समजा A2 मध्ये असे आहे:

```
वर्तमानपत्र, मित्र, नातेवाईक, इंटरनेट
```

LEN याचे उत्तर 37 देते. स्वल्पविराम काढल्यावर 34 उरतात. फरक 3, त्यात एक मिळवून 4. प्रत्यक्षात या व्यक्तीने तीनच पर्याय निवडले आहेत. म्हणजे ज्या ज्या ओळीत हा पर्याय निवडला गेला, त्या प्रत्येक ओळीत एक निवड जास्त धरली गेली. हा पर्याय किती जणांनी निवडला आहे, ते तुमच्या फिल्टरच्या टिपणात असेलच.

वाढीचे दुसरे कारण रिकामे सेल आहेत. ज्याने या प्रश्नाला उत्तरच दिले नाही त्याच्या ओळीत स्वल्पविराम शून्य असतात, पण ‘+1’ तिथेही लागतो आणि उत्तर 1 येते. असे सेल किती आहेत तेही पाहा.

गोषवारा

‘मित्र, नातेवाईक’ 84 ओळींत आहे. रिकामे सेल 9. दोन्ही मिळून 93. माझा फरक 96 आहे, म्हणजे तीन अजून सापडायचे आहेत.

एक शंका मधेच विचारते. ‘वर्तमानपत्र’ हा शब्द मी अक्षरे मोजून सहा धरला. त्या हिशोबाने संपूर्ण सेलची लांबी 37 कशी काय येते? हेच तर कोठे चुकत नसेल ना?

रेफ

ही चूक नाही. LEN आपण उच्चारतो ती अक्षरे मोजत नाही, ते संगणकात साठवलेली चिन्हे मोजते. ‘वर्तमानपत्र’ या शब्दात व, र, हलन्त, त, म, काना, न, प, त, हलन्त आणि र अशी अकरा चिन्हे आहेत. ‘मित्र’मध्ये पाच, ‘नातेवाईक’मध्ये आठ, ‘इंटरनेट’मध्ये सात. ही झाली 31. मधले तीन स्वल्पविराम आणि तीन मोकळ्या जागा धरल्या की बरोबर 37 होतात.

तुमच्या कामाला याने काहीही बाधा येत नाही, कारण दोन्ही लांब्या एकाच रीतीने मोजल्या जातात आणि वजाबाकीत बाकीचे सगळे कटून जाते. उरतात ते फक्त स्वल्पविराम. हाच उपाय देवनागरी अक्षर मोजायला वापरला तर मात्र सावध राहावे लागते. त्याबद्दल कोणाला हवे असेल तर खाली लिहीन.

वाचनवेळ

मला वाटते उपाय सोपा आहे. आधी त्या पर्यायातला स्वल्पविराम बदलून तिथे आडवी रेघ टाकायची आणि मग मोजायचे. एकाच सूत्रात होते:

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,"मित्र, नातेवाईक","मित्र-नातेवाईक"),",",""))+1
```

गोषवारा

हे लावून पाहिले. बेरीज पुन्हा 644 च आली. एकाही ओळीतला आकडा बदलला नाही.

आकडेमोड

वाचनवेळ यांची दिशा बरोबर आहे, पण सूत्रात एक सापळा राहून गेला आहे आणि तो अशा कामात वारंवार आढळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वजाबाकीच्या दोन बाजू पाहा. डावीकडे LEN(A2) आहे, म्हणजे मूळ मजकुराची लांबी: 37. उजवीकडे आधी ‘मित्र, नातेवाईक’च्या जागी ‘मित्र-नातेवाईक’ येते. स्वल्पविराम आणि मोकळी जागा अशी दोन चिन्हे गेली आणि एक रेघ आली, म्हणून लांबी 36 झाली. त्यातून उरलेले दोन स्वल्पविराम काढले की 34. आता 37 वजा 34 म्हणजे पुन्हा 3, एक मिळवून 4. स्वल्पविराम एकाने कमी झाला खरा, पण त्या बदलात मजकूरही एका चिन्हाने आखडला, आणि तो आखडलेपणा वजाबाकीने स्वल्पविराम म्हणून मोजला. योगायोगाने दोन्ही गोष्टी एक-एकाच्या असल्यामुळे उत्तर जसेच्या तसे राहिले. रेघेऐवजी ‘आणि’ हा शब्द घातला असता तर उत्तर वेगळ्याच प्रकारे चुकले असते.

वजाबाकी करताना दोन्ही बाजूंना एकच मजकूर असला पाहिजे, फक्त एका बाजूचे स्वल्पविराम काढलेले असावेत. म्हणून मधे एक मदतीचा रकाना घेणे उत्तम. तुमच्या सूत्रांचा B रकाना मोकळा करा आणि B2 मध्ये दुरुस्त मजकूर आणा:

```
=SUBSTITUTE(A2,"मित्र, नातेवाईक","मित्र-नातेवाईक")
```

मग C2 मध्ये मोजणी करा, रिकाम्या सेलची काळजी घेऊन:

```
=IF(TRIM(B2)="",0,LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2,",",""))+1)
```

आपल्या उदाहरणात B2 ची लांबी 36, स्वल्पविराम काढल्यावर 34, फरक 2 आणि एक मिळवून 3. TRIM घातले आहे ते अशासाठी की, एखादा सेल रिकामा दिसत असला तरी त्यात नुसती एक मोकळी जागा टंकली गेलेली असू शकते, आणि नुसत्या B2="" या तपासणीला तो रिकामा वाटत नाही.

मदतीचा रकाना असण्याचा आणखी एक फायदा आहे. बदल खरोखर झाला की नाही हे डोळ्यांनी दिसते. पर्यायाच्या नावात एक जागा जरी जास्त असली तरी SUBSTITUTE काहीच बदलत नाही आणि तसे कळवतही नाही.

वाचनवेळ

मी हे सूत्र न तपासता टाकले होते, त्याबद्दल दिलगीर आहे. दोन्ही बाजूंचा मजकूर एकच असायला हवा, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

गोषवारा

बेरीज आता 551 आली! 644 मधून 93 वजा. ज्या दोन ओळींत 8 दिसत होते, तिथे आता 7 आहेत. राहिले तीन.

मोजणीदार

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण विषय हाच असल्यामुळे येथेच विचारतो. माझ्या एका रकान्यात 12,34,567 असे आकडे आहेत. वरचे सूत्र लावले तर बऱ्याच ओळींत स्वल्पविरामांची संख्या शून्य येते. समोर दोन स्वल्पविराम स्पष्ट दिसत असताना असे का व्हावे?

आकडेमोड

कारण ते स्वल्पविराम सेलमध्ये नाहीत, फक्त पडद्यावर आहेत. तो सेल निवडून वरच्या सूत्रपट्टीत पाहा, तिथे 1234567 एवढेच दिसेल. साठवलेली वस्तू संख्या आहे आणि स्वल्पविराम ही तिची दाखवण्याची पद्धत आहे, म्हणून LEN त्याचे उत्तर 7 देते. हेच आकडे कोणी मजकूर म्हणून टंकले असतील तर स्वल्पविराम खरोखर साठवले जातात आणि उत्तर 2 येते. ISTEXT लावून पाहिले की कोणता सेल मजकूर आहे आणि कोणता संख्या, ते लगेच कळते. एकाच रकान्यात काही ओळींना 2 आणि काहींना 0 येत असेल तर तिथे दोन्हींची सरमिसळ झाली आहे असे समजा, आणि अशा रकान्याची SUM करताना मजकूर असलेले आकडे गाळले जातात, हेही पाहून घ्या.

मोजणीदार

खरोखरच सरमिसळ निघाली. बेरीज कमी का येते याचा शोध मी दुसरीकडेच घेत होतो. आभार.

अनुस्वार

रेफ यांनी देवनागरी अक्षर मोजण्याबद्दल वर उल्लेख केला आहे. मी बालवाचनासाठी शब्दयाद्या करते आणि कोणत्या वाक्यात ‘र’ किती वेळा आला ते मोजते. स्वल्पविरामाच्या जागी "र" लिहून हेच सूत्र वापरते. काही वाक्यांत संख्या अपेक्षेपेक्षा जास्त येते, आणि एकच शब्द दोन ओळींत दोन वेगळ्या संख्या देतो. असे होण्याचे कारण काय असावे?

रेफ

पहिल्या गोष्टीचे कारण असे, की सूत्र ‘र’ हे चिन्ह जिथे जिथे साठवलेले आहे तिथे तिथे ते मोजते. ‘रि’, ‘रु’ यांतला र तर मोजला जातोच, पण ‘वर्तमान’मधला रफार आणि ‘पत्र’मधला तिरपा र हेही साठवताना र आणि हलन्त असेच असतात. म्हणून ‘वर्तमानपत्र’ या शब्दात सूत्राला दोन र सापडतात. वाचायला शिकणाऱ्या मुलाला मात्र तिथे सुटा र एकही दिसत नाही. तुम्हाला सुटाच र हवा असेल तर हे सूत्र त्या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट बहुधा ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत घडत असावी. त्यातले ‘ऱ’ हे अक्षर दोन रीतींनी साठवले जाऊ शकते. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, 0931. आणि साधा र, 0930, व त्यापुढे नुक्ता, 093C, अशी जोडी लिहिली तरी पडद्यावर तेच दिसते. पहिल्या रीतीत सूत्राला ‘र’ सापडत नाही, दुसऱ्या रीतीत सापडतो. दोन ओळी दोन वेगळ्या कळफलकांवरून टंकल्या असतील किंवा वेगवेगळ्या ठिकाणांहून आणल्या असतील तर असा फरक पडतो. नुसता तो एकच शब्द एकेका सेलमध्ये ठेवून दोन्हींना LEN लावून पाहा. दिसायला सारखे असून लांबीत एकाचा फरक आला तर कारण हेच आहे.

अनुस्वार

‘दुसऱ्या’ हाच शब्द होता. एकाची लांबी 7 आली आणि दुसऱ्याची 8. आता आधी सगळीकडे एकच रूप करून घेते. रफार आणि सुटा र वेगळे कसे मोजायचे ते मात्र अजून उमगलेले नाही.

रेफ

र आणि त्यापुढे हलन्त ही जोडी वेगळी मोजून एकूण संख्येतून वजा केली तर रफार बाजूला पडेल. तशीच हलन्त आणि त्यापुढे र ही जोडी मोजली तर ‘पत्र’मधला र बाजूला पडेल. दोन चिन्हांची जोडी शोधताना लांबीतल्या फरकाला 2 ने भागायला विसरू नका, कारण प्रत्येक जोडीबरोबर दोन चिन्हे जातात. एकच र दोन्ही जोड्यांत येईल असे शब्द विरळ आहेत, पण यादीत असतील तर ते दोनदा वजा होतील.

काठावरचा

माझ्या सूत्राचा उपयोग पुढे आहे असे आकडेमोड यांनी म्हटले होते. तो कोणता?

आकडेमोड

प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला हे मोजायचे असेल तर स्वल्पविरामाच्या वाटेला जाण्याची गरजच नसते. एका व्यक्तीला एक पर्याय एकदाच निवडता येतो, त्यामुळे येथे सेल मोजणे हेच योग्य आहे:

```
=COUNTIF(A2:A213,"*रेडिओ*")
```

गोषवारा यांनी फिल्टर लावून हाताने केले ते हेच, आणि त्यांचे 548 त्यामुळेच खरे निघाले. पर्यायाच्या पोटातला स्वल्पविराम येथे आड येत नाही. अट एवढीच, की एका पर्यायाचे नाव दुसऱ्याच्या नावात सामावलेले नसावे. ‘ग्रंथालय’ आणि ‘फिरते ग्रंथालय’ असे दोन पर्याय असते तर पहिल्याच्या मोजणीत दुसराही आला असता.

उरलेले तीन बहुधा ‘इतर’खाली सापडतील. मोकळ्या जागेत माणसे स्वल्पविराम देऊनच लिहितात.

गोषवारा

तिथेच सापडले. एका ओळीत ‘फलक, भिंतीवरच्या जाहिराती’ असे आहे आणि दुसरीत ‘शेजारी, सहकारी, ओळखीचे लोक’. पहिलीत एक स्वल्पविराम आणि दुसरीत दोन, असे तीन. मी डोळ्यांनी मोजताना दोन्ही उत्तरे एक-एक धरली होती.

पण आता मलाच प्रश्न पडला आहे. ज्याने फलक आणि जाहिराती असे दोन्ही लिहिले, त्याने दोन साधने सांगितली असे का धरू नये? सूत्राने धरले ते कदाचित माझ्या मोजणीपेक्षा जास्त खरे असेल.

वाचनवेळ

मी तरी दोन आणि तीन अशीच धरेन. त्या व्यक्तीने वेगवेगळी साधने मुद्दाम वेगळी लिहिली आहेत.

आकडेमोड

मी एकच धरेन. प्रश्न किती चौकटींत खूण केली असा असेल तर ‘इतर’ ही एकच चौकट आहे. शिवाय ‘शेजारी, सहकारी, ओळखीचे लोक’ हे उत्तर ‘मित्र, नातेवाईक’ या पर्यायाच्या जवळचे आहे, आणि तो पर्याय तुम्ही दोन शब्द असूनही एकच धरला आहे. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला वेगळा, असे करणे मला पटत नाही.

गोषवारा

हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. सध्या मी A रकाना जसाच्या तसा ठेवला आहे, B मध्ये दुरुस्त मजकूर आणि C मध्ये मोजणी. त्या दोन ओळींना वेगळा रंग दिला आहे आणि पुढच्या रकान्यात दोन्ही आकडे लिहिले आहेत, 548 कसे आणि 551 कसे. सर्वेक्षणात माझ्याबरोबर आणखी दोघे आहेत. त्यांना विचारून ठरवते. पुढच्या फॉर्ममध्ये तो पर्याय ‘मित्र किंवा नातेवाईक’ असा लिहिणार आहे.

वाचनवेळ

त्या दोघांचे मत काय पडले ते येथे अवश्य कळवा. माझ्याकडेही अशीच मोकळी उत्तरे असलेला एक रकाना मोजायचा बाकी आहे.